कृत्रिम सांध्याचं इन्फेक्शन

बदललेल्या गुडघ्यात किंवा खुब्यात जंतू शिरून इम्प्लांटवर घर करून बसले की त्याला कृत्रिम सांध्याचं इन्फेक्शन म्हणतात. पहिल्यांदाच सांधा बदललेल्या १०० जणांत साधारण एक-दोघांना हे होतं, पण झालं की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही आणि त्याचं कारण आहे बायोफिल्म.

धातूला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथं पोचलेले थोडेसे स्टॅफिलोकॉकसही चिकटून बसतात, वाढतात आणि स्वतःभोवती साखर, प्रथिनं नि डीएनएचा बुळबुळीत थर तयार करतात, साचलेल्या पाण्याच्या टाकीला आतून लागतो तसाच. आतले बरेच जंतू अगदी सुस्त असतात आणि बहुतेक अँटिबायोटिक वाढणाऱ्या जंतूंवरच नीट चालतात. म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत दुखणं कमी, बंद केल्या की परत सुरू.

समजा एकीचा गुडघा बदलून दोन वर्षं झालीत, चार महिने दुखतोय, ताप नाही. सुईनं सांध्यातलं पाणी काढलं तर पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ८,४०० आणि त्यातल्या ८६ टक्के न्यूट्रोफिल. मूळच्या सांध्यात एवढ्यावर कुणी फारसं घाबरलं नसतं, तिथं ५०,०००च्या पुढे शंका बळावते, पण जुन्या इम्प्लांटमध्ये ३,०००च्या वर पेशी आणि ८० टक्क्यांच्या वर न्यूट्रोफिल म्हणजे इन्फेक्शनचा दाट संशय. (ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत हे आकडे चालत नाहीत, तेव्हा पेशी तशाही वाढलेल्या असतात.) लघवी तपासायची पट्टीसुद्धा या पाण्यात बुडवतात, गडद जांभळी झाली की पेशी भरपूर, फक्त पाण्यात रक्त असलं की रंगच वाचता येत नाही.

कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आला. हा कातडीवरचाच जंतू, त्यामुळे एका नमुन्यावर विसंबायचं नाही, दुसऱ्यांदा काढलेल्या पाण्यातही तोच आला तेव्हा निदान पक्कं झालं. कल्चरआधी जमलं तर दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, हे बऱ्याचदा राहून जातं आणि मग रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येतो.

हेच ऑपरेशननंतर १८व्या दिवशी झालं असतं आणि इम्प्लांट घट्ट असता तर सांधा उघडून धुवून, आजारी भाग काढून, मधलं प्लॅस्टिक बदलून धातू तसाच ठेवता आला असता. इथं थर चार महिने जुना, खरवडून निघणारच नाही, तेव्हा इम्प्लांट काढावाच लागतो. जंतू आधीच कळलेला, त्याला लागू पडणारं औषध हाताशी आणि कातडी-मांस चांगलं असेल तर एकाच ऑपरेशनमध्ये नवा बसवतात. हिचा जंतू मात्र बऱ्याच औषधांना दाद देत नव्हता आणि जखमेजवळ पू वाहायची वाटही झाली होती, म्हणून दोन टप्पे ठरले. आधी सगळं काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा, बसवायचा, साधारण सहा आठवडे औषधं द्यायची आणि जखम शांत झाली की नवा सांधा. मधले ते आठवडे पेशंटला फार जड जातात, धड चालताही येत नाही.