रॉन्स्कियन निश्चयक

द्वितीय कोटीच्या रेषीय अवकल समीकरणाच्या दोन उकली एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, हे ठरवणारा निश्चयक. पोलिश गणिती युझेफ हेने-व्रॉन्स्की (१७७६–१८५३) यांच्या कामात तो प्रथम आला. त्यांचे नाव त्याला थॉमस म्यूर यांनी १८८२ मध्ये दिले. समीकरण असे घेऊ :

y″ + p(x)y′ + q(x)y = 0

p आणि q ही फलने एखाद्या अंतरालावर संतत आहेत आणि y₁, y₂ या तिथल्या दोन उकली आहेत. पहिल्या ओळीत या उकली आणि दुसऱ्या ओळीत त्यांचे अवकलज मांडले, की निश्चयकाची किंमत येते :

W = y₁y₂′ − y₂y₁′

एक उकल दुसरीची स्थिर पट असेल, तर दोन्ही स्तंभ प्रमाणात येतात आणि W सगळीकडे शून्य होतो. म्हणून एका जरी बिंदूवर W शून्य नसेल, तर उकली स्वतंत्र ठरतात. एवढा भाग कोणत्याही दोन अवकलनीय फलनांना लागू आहे. उलट दिशेने, म्हणजे W शून्य आहे म्हणून फलने परावलंबी आहेत, असे म्हणायला मात्र ती वरच्यासारख्या एकाच समीकरणाच्या उकली असाव्या लागतात. परीक्षेत चुका होतात त्या बहुधा इथेच.

उकलींच्या बाबतीत W चे अवकलन केले, की y″ च्या जागी समीकरणातून किंमत घालता येते आणि W′ = −pW उरते. यातून आबेल यांचे सूत्र मिळते :

W(x) = W(x₀) · exp(−∫ p dx), संकलन x₀ पासून x पर्यंत

घातांकी फलन कधीच शून्य होत नाही. त्यामुळे W एक तर पूर्ण अंतरालावर शून्य असतो, नाही तर कुठेच नसतो. तपासायला एक सोयीचा बिंदू पुरतो तो यामुळेच.

आता मूलभूत संच. y(x₀) = a आणि y′(x₀) = b या अटी पाळणारी उकल c₁y₁ + c₂y₂ या रूपात शोधायची, तर c₁ आणि c₂ साठी दोन रेषीय समीकरणे मिळतात आणि त्यांचा निश्चयक असतो नेमका W(x₀). तो शून्य नसेल, तर a, b काहीही असले तरी c₁, c₂ एकाच प्रकारे मिळतात. शिवाय त्याच दोन अटी पाळणारी उकल एकच असते, असे एकमेवतेचे प्रमेय सांगते. म्हणजे समीकरणाची कोणतीही उकल घेतली, तरी ती c₁y₁ + c₂y₂ याच रूपाची निघते. अशा जोडीला मूलभूत संच म्हणतात. तिसरी स्वतंत्र उकल शोधत बसायचे कारण उरत नाही.

उदाहरण म्हणून x²y″ − 2xy′ + 2y = 0 पाहू. x आणि x² या त्याच्या उकली आहेत आणि W = x·2x − x²·1 = x². x = 1 येथे W = 1, तेव्हा x > 0 या अंतरालावर हा मूलभूत संच आहे. y(1) = 3, y′(1) = 4 या अटींवरून c₁ + c₂ = 3 आणि c₁ + 2c₂ = 4 मिळते; उकल y = 2x + x².

पण x = 0 येथे W शून्य होतो आणि इतरत्र होत नाही. मग आबेल यांचे सूत्र मोडले का? नाही. समीकरणाला x² ने भागून प्रमाण रूपात आणले, की p = −2/x येतो आणि शून्यापाशी तो संततच नाही. परिणामही लगेच दिसतो : c₁x + c₂x² ची किंमत शून्यापाशी नेहमी 0, म्हणून y(0) = 1 ही अट पाळता येत नाही; आणि y(0) = 0, y′(0) = 1 या अटी x + c₂x² ही प्रत्येक उकल पाळते, c₂ काहीही असो. म्हणून निश्चयक काढण्याआधी समीकरण प्रमाण रूपात आणावे आणि अंतराल ठरवून घ्यावा.

समीकरणाचा आधार सुटला, की W = 0 फसवा ठरतो. पेआनो यांनी १८८९ मध्ये याकडे लक्ष वेधले. x² आणि x|x| ही फलने घ्या. अवकलज 2x आणि 2|x|, म्हणून W = 2x²|x| − 2x²|x| = 0, तेही सगळीकडे. तरीही शून्याच्या उजवीकडे ही फलने समान आहेत आणि डावीकडे विरुद्ध चिन्हांची, त्यामुळे दोन्ही बाजूंना चालेल असा एकच स्थिरांक सापडत नाही. ती स्वतंत्र आहेत. मात्र शून्य ज्याच्या आत येते अशा अंतरालावर, p, q संतत असलेल्या, सुरुवातीला दिलेल्या रूपाच्या कोणत्याही समीकरणाची उकल ती असू शकत नाहीत : दोघांचीही किंमत आणि अवकलज x = 0 येथे शून्य आहेत, आणि त्या अटी पाळणारी उकल फक्त y = 0.