पॅनवरचं नाव, पाटीवरचं नाव आणि जीएसटीचं बिल

दुकानाची पाटी रंगून होते, बिलबुकं छापून येतात आणि मग जीएसटीचं प्रमाणपत्र हाती पडतं. त्यावर पहिल्या ओळीत दुकानाचं नव्हे, तर मालकिणीचं नाव! ही चूक नसते.

समजा, मंगल शंकर जाधव एकटीच्या मालकीचं ‘श्री गणेश ट्रेडर्स’ चालवते. जीएसटी नोंदणीच्या REG-01 अर्जाच्या पहिल्या भागात पॅन टाकताना नाव पॅनवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, लिहावं लागतं. ते पॅनच्या नोंदीशी जुळलं नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. हे कायदेशीर नाव, म्हणजे `Legal Name`. दुकानाचं नाव दुसऱ्या भागात `Trade Name` च्या रकान्यात येतं आणि ते आपण ठरवू ते असतं. कंपनीचं तसं नाही. तिचं पॅनच कंपनीच्या नावाचं, म्हणून तिथे बहुधा दोन्ही नावं एकच दिसतात. ओळखायची एक खूण आहे: जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर P असेल तर तो नंबर व्यक्तीच्या पॅनवर घेतलेला आहे.

आता बिल. जीएसटीचा नियम ४६ विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर मागतो. दोहोंपैकी कोणतं नाव, हे तो सांगत नाही. त्यामुळे वर ठळक ‘श्री गणेश ट्रेडर्स’, खाली ‘प्रोप्रा. मंगल शंकर जाधव’ आणि त्याखाली नंबर, ही आपल्याकडची जुनी छपाई इथेही बरोबर चालते. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस काढावं लागतं. तिथे कायदेशीर नाव सक्तीचं, व्यापारी नाव ऐच्छिक.

गोची होते ती पाटी बदलल्यावर. मंगलने उद्या ‘गणेश मसाले’ नावाने बिलं फाडली आणि नोंदणीत जुनंच नाव राहिलं, तर घेणाऱ्याचा अकाउंटंट पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये नंबर टाकतो. दोन्ही नावं बिलाशी जुळत नाहीत आणि तो पेमेंट अडकवून ठेवतो. माझ्या मते त्याचं काही चुकत नाही. अशा वेळी बदल झाल्यापासून १५ दिवसांत REG-14 हा नोंदणीतल्या दुरुस्तीचा अर्ज भरून `Business Details` मध्ये नवं नाव घालायचं. जुनं दुकानही चालू ठेवायचं असेल तर दुसरं नाव जादा व्यापारी नाव म्हणून जोडता येतं. नंबर एकच राहतो.

कायदेशीर नावाचा क्रम उलटा. लग्नानंतर आडनाव बदललं तर आधी पॅन दुरुस्त, मग REG-14. पॅन नंबर तोच राहतो, म्हणून जीएसटी नंबरही तोच. पण मंगलने भावाला भागीदार घेतलं तर भागीदारीचं पॅन नवं निघतं. तिथे दुरुस्ती चालत नाही, नवीन नोंदणीच करावी लागते, पाटीवरचं नाव तेच असलं तरी.