दमट हवा जड नसते, हलकी असते

क्रिकेटच्या कॉमेंट्रीत हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असणार: "आज हवेत मॉइश्चर आहे, हवा जड आहे, बॉल स्विंग होणार." वानखेडेवर संध्याकाळची मॅच असली तर हमखास. आणि मे संपता संपता, पाऊस तोंडावर आलेला असताना, घराघरात पण हेच, काय जड हवा झालीये, जीव नुसता गुदमरतोय. आता स्विंगचं सोडून द्या, त्यावर विंड टनेलमध्ये बॉल ठेवून बघणाऱ्यांचंही अजून एकमत नाहीये. पण "हवा जड" हे मात्र सरळसरळ चूक आहे. तापमान आणि दाब तोच असेल तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, आणि किती हलकी ते अकरावीच्या केमिस्ट्रीवर काढता येतं.

लोकांचा घोळ कुठे होतो ते कळतं मला. पाणी जड असतं, ओला टॉवेल जड होतो, मग ओली हवा पण जडच असणार ना? पण हवेतलं पाणी टॉवेलातल्या पाण्यासारखं नसतं, ते वाफेच्या रूपात असतं, म्हणजे सुटे सुटे रेणू, डोळ्यांना न दिसणारे. (चहाच्या पातेल्यावर जो पांढरा धूर दिसतो ती वाफ नाही बरं का, ते बारीक थेंब आहेत. खरी वाफ दिसतच नाही.) आणि वायूंचा हिशोब वेगळा असतो. तो अॅव्होगाड्रोनं १८११ मध्ये मांडला: तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी, मग वायू कुठलाही असो. रेणू जड की हलका याच्याशी जागेचा संबंधच नाही. एसटीत कसं, एक तिकीट एक सीट, त्यावर पैलवान बसो नाहीतर किडमिडीत पोरगं.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच मुद्दा, म्हणून इथे जरा रेंगाळतो. मोकळ्या हवेत पाण्याचा एक रेणू शिरला तर तो आधीच्या गर्दीत जास्तीचा म्हणून उभा राहत नाही. दाब वातावरणाने ठरवलेला आहे, तो तेवढाच राहतो, म्हणून एका घनमीटरमधले एकूण रेणू पण तेवढेच राहतात. म्हणजे पाण्याचा एक रेणू आत आला की दुसरा कुणीतरी बाहेर. आणि बाहेर जाणारा बहुतेक वेळा नायट्रोजन असतो, ज्याचं वजन मोलला, म्हणजे रेणूंच्या एका ठरलेल्या मोठ्या संख्येला, २८ ग्रॅम, नाहीतर ऑक्सिजन, ३२ ग्रॅम. आत येणारं पाणी फक्त १८ ग्रॅमचं. जड गेला, हलका आला. संपलं.

आता आकडे. आधी कोरडी हवा. तिच्यात दर शंभर रेणूंमागे साधारण ७८.०८ नायट्रोजन, २०.९५ ऑक्सिजन, ०.९३ आरगॉन आणि ०.०४ कार्बन डायऑक्साइड असतात. रेणूंच्या संख्येतला हा वाटा म्हणजेच मोल फ्रॅक्शन, फक्त टक्क्यांऐवजी दशांशात लिहायचं, ०.७८०८ वगैरे. सरासरी मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन, काढायचं तर प्रत्येकाचा वाटा गुणिले त्याचं मोलर मास आणि सगळ्यांची बेरीज. नायट्रोजनकडून २१.८७ येतात, ऑक्सिजनकडून ६.७०, आरगॉन ०.३७ देतो आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०२. बेरीज २८.९६ ते २८.९७ च्या मधे, आपण २८.९६५ ग्रॅम धरू. "हवेचा रेणू" असा काही नसतोच, पण वजनाच्या हिशोबात हवा जणू २८.९६५ ग्रॅमवाला एकच वायू आहे असं समजून चालतं.

इथे एक सावधगिरी, वाटा रेणूंच्या संख्येतला पाहिजे, वजनातला नाही. वजनाने मोजलं तर नायट्रोजन ७५.५ टक्के आणि ऑक्सिजन २३ टक्क्यांच्या जरा वर निघतो, आणि ते आकडे घेऊन हीच बेरीज मारली की उत्तर साधारण २९.१ येतं. फरक इतका थोडा असतो की चुकलंय हे लक्षातच येत नाही.

घनतेसाठी आता फक्त एका घनमीटरमध्ये किती मोल बसतात ते हवं. शाळेत शिकलेलं असतं, शून्य डिग्रीला आणि एक अॅटमॉस्फिअर दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर जागा घेतो, म्हणजे घनमीटरला ४४.६ मोल. ३० डिग्रीला वायू फुगतो, २७३ भागिले ३०३ या प्रमाणात मोल कमी होतात, आणि उरतात ४०.२. (तापमान केल्विनमध्येच घ्यायचं, सेल्सिअसमध्ये घेतलं तर शून्य डिग्रीला भागाकारच अडकतो.) ज्यांना सूत्र आवडतं त्यांच्यासाठी हेच सगळं एका ओळीत असं:

ρ = PM / RT

म्हणजे दाब गुणिले सरासरी मोलर मास, भागिले वायू स्थिरांक गुणिले तापमान. तर ४०.२ गुणिले २८.९६५, झाले साधारण ११६५ ग्रॅम. एका घनमीटर कोरड्या हवेचं वजन ३० डिग्रीला, समुद्रसपाटीला, जवळजवळ एक किलो एकशे पासष्ट ग्रॅम.

आता मुंबईची हवा घ्या, तापमान तेच ३०, ह्युमिडिटी ८० टक्के. या ८० टक्क्यांनी भलेभले फसतात. याचा अर्थ हवेत ८० टक्के पाणी आहे असा नाही. तसं असतं तर सरासरी मोलर मास २० च्या आसपास आलं असतं, हवा तीस टक्के हलकी झाली असती आणि मुळात आपल्याला श्वासच घेता आला नसता. ८० टक्के म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते तिच्या ८० टक्के. ३० डिग्रीला ही कमाल म्हणजे ४.२५ किलोपास्कल दाबाची वाफ, तिचे ८० टक्के ३.४०. एकूण दाब १०१.३, म्हणून पाण्याचं मोल फ्रॅक्शन ३.४० भागिले १०१.३, म्हणजे ०.०३३६. शंभरात सव्वातीनपेक्षा थोडे जास्त रेणू, बस.

म्हणजे आपल्या ४०.२ मोलपैकी १.३५ मोल आता पाण्याचे झाले. त्यांचं वजन २४ ग्रॅम. त्यांनी जागा करून घेतली तेवढीच, १.३५ मोल, कोरडी हवा बाहेर गेली, आणि तिचं वजन ३९ ग्रॅम. आत २४, बाहेर ३९, घनमीटर १५ ग्रॅमने हलका. ११६५ चे ११५० झाले. सरासरी मोलर मास २८.९६५ वरून २८.६० वर आलं.

१५ ग्रॅम म्हणजे सव्वा टक्का, फार वाटत नाही. पण कोरडी हवा एवढीच हलकी करायची तर ती जवळजवळ ४ डिग्री तापवावी लागेल. हवामानवाले यालाच आभासी तापमान म्हणतात, ३० डिग्रीची ही दमट हवा वर चढण्याच्या बाबतीत ३४ डिग्रीच्या कोरड्या हवेसारखी वागते. वळवाच्या ढगांना मिळणाऱ्या ताकदीतला थोडा वाटा इथूनच येतो, मोठा वाटा अर्थात वाफेचे थेंब होताना सुटणाऱ्या उष्णतेचा.

मग जड का वाटतं? कारण घाम वाळत नाही. हवेत आधीच वाफ भरपूर, त्यामुळे अंगावरचं पाणी उडून जायला कचरतं आणि शरीर थंड होत नाही. त्याचा हवेच्या वजनाशी काडीचा संबंध नाही. आणि "दमट हवेत ऑक्सिजन संपतो" म्हणून ऑक्सिजनचे छोटे कॅन विकणारे जे सध्या सुटलेत त्यांच्यासाठी: आपल्याच हिशोबाने ऑक्सिजन २०.९५ टक्क्यांवरून २०.२५ वर येतो. पायथ्यापासून सिंहगड चालत चढलात तर दर श्वासाला याहून जास्त ऑक्सिजन कमी होतो, आणि वर पोचल्यावर लोक कॅन नाही, पिठलं-भाकरी मागतात.

या हिशोबात एक अट लपलेली आहे आणि ती मोडली की उत्तर पार उलटं होतं. दाब कायम राहिला पाहिजे. तुम्ही एक घनमीटरचा घट्ट बंद डबा घेतलात, त्यात कोरडी हवा, आणि आतल्या आत थोडं पाणी वाफ होऊ दिलंत, तर बाहेर जायला कुणाला वाटच नाही. २४ ग्रॅम वाफ नुसती भर म्हणून आली, दाब १०१.३ वरून १०४.७ वर गेला आणि डब्यातला वायू जड झाला, ११८९ ग्रॅम. म्हणजे "ओली हवा जड" म्हणणारे बंद डब्यात बरोबर आहेत, मैदानावर नाहीत.

थंडीत तर हा सगळा परिणाम मावळतोच. १० डिग्रीला हवा वाफेने काठोकाठ भरली तरी पाण्याचे रेणू शंभरात सव्वा एवढेच, हवा अर्ध्या टक्क्यानेसुद्धा हलकी होत नाही. धुकं असेल तर त्यातले थेंब मोल फ्रॅक्शनमध्ये धरायचे नाहीत, ते वायू नाहीत, त्यांचं वजन वेगळं मिळवायचं, आणि ते घनमीटरला बहुधा अर्धा ग्रॅमही भरत नाही.

हे तुमच्या गावासाठी करून बघायचं असेल तर सगळ्यात मोठी चूक दाबात होते. पुण्यासाठी हवामानाचं अॅप १००८ हेक्टोपास्कल वगैरे दाखवतं, पण तो समुद्रसपाटीवर आणून दुरुस्त केलेला आकडा असतो, म्हणजे गावागावांची तुलना करता यावी म्हणून. पुणं साडेपाचशे मीटर वर आहे, तिथला खरा दाब ९५० च्या आसपास असतो. तो घातला की ३० डिग्रीची कोरडी हवाच ११६५ ऐवजी १०९२ ग्रॅम भरते. ७० ग्रॅमच्या वर फरक, मुंबईच्या दमटपणाने पडतो त्याच्या जवळजवळ पाचपट, आणि अॅपचा आकडा घेतला तर हा अख्खा फरक गायब होतो. काही फोनमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर असतो, तो जागेवरचा खरा दाब दाखवतो. पुण्यात बसून आकडा हजाराच्या वर दिसला तर समजायचं की तो समुद्रसपाटीचा आहे, सूत्रात घालायचा नाही.