शहरी कंपोस्टचा उत्पादन परवाना: अर्ज, कागदपत्रे आणि विंड्रोची तापमान-वही

नगरपालिकेच्या ओल्या कचऱ्यापासून बनवलेले खत ‘शहरी कंपोस्ट’ म्हणून विकायचे असेल, तर खत (नियंत्रण) आदेश, 1985 खाली उत्पादनाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज ‘फॉर्म डी’मध्ये करायचा आणि प्रमाणपत्र ‘फॉर्म एफ’मध्ये मिळते. महाराष्ट्रात हा विषय कृषी आयुक्तालयाच्या निविष्ठा व गुणनियंत्रण विभागाचा आहे.

अर्जासाठी जागेच्या मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा कागद, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, यंत्रसामग्रीची यादी आणि खताचा प्रयोगशाळा अहवाल तयार ठेवा. प्रकल्प ठेकेदार चालवत असेल, तर पालिकेशी झालेला करारही जवळ असू द्या.

अडचण बहुधा अहवालात येते. ओलावा 15 ते 25 टक्के आणि कर्ब-नत्र गुणोत्तर 20 पेक्षा कमी असावे लागते. किमान 90 टक्के खत 4 मिमीच्या चाळणीतून जायला हवे. हे सगळे वाळवून, मुरवून आणि चाळून सुधारता येते. रोगजंतूंच्या रकान्यात मात्र ‘शून्य’ हवे आणि ते चाळणीने होत नाही.

आदेश तपासतो ते तयार खत, ते कसे बनले ते नाही. म्हणून ढिगाची वही स्वतःच ठेवावी. मोजमापासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा नियम सोयीचा आहे: 55 अंश सेल्सिअस किंवा जास्त तापमान किमान 15 दिवस, आणि त्या काळात किमान 5 पलटण्या. पलटणी यासाठी की ढिगाचे बाहेरचे थर थंडच राहतात. तिथले जंतू मरायचे तर तो माल गाभ्यात यायलाच हवा. म्हणून पलटताना बाहेरचा माल आत जातो आहे ना, हे उभे राहून पाहा. नुसते खालचे वर केले तर आकडे बरोबर येतात, पण जंतू उरतात.

समजा 45 मीटर लांबीचा विंड्रो, म्हणजे कंपोस्टचा लांबट ढीग, आहे. दर 15 मीटरवर, अर्धा आणि एक मीटर खोल, रोज तापमापी घालायची. चौथ्या दिवशी सगळीकडे 55 च्या वर गेले, की मोजणी सुरू करून दर तिसऱ्या दिवशी पलटायचे. दहाव्या दिवशी एका टोकाला 49 अंश आले आणि कुबट वास असला, तर पाणी शिरून हवा कोंडली आहे. वास नसेल आणि माल मुठीत दाबूनही गोळा होत नसेल, तर तो सुकला आहे. पहिल्या दुखण्यावर सुका पाला मिसळा, दुसऱ्यावर पाणी द्या, आणि पलटा. बाराव्या दिवशी तापमान परत चढले, तर त्या दिवसापासून 15 दिवस नव्याने मोजायचे. आधीचे सहा दिवस जमेस धरू नका. उलट 70 च्या वर गेले, तर लगेच पलटा, नाहीतर उपयोगी जिवाणूही मरतात.

वही निर्दोष असूनही अहवालात जंतू आले, तर लोडर तपासा. कच्चा माल उचललेले बकेट न धुता तयार खतात घातले, की जंतू परत येतात. कच्च्या ढिगातून पाझरणारे पाणी तयार खताकडे वाहत असेल, तरीही हेच होते. कारण दूर करून नवा नमुना पाठवा आणि त्या ढिगाच्या नोंदींची प्रत अहवालासोबत जपून ठेवा.