जुन्या गाडीचे हप्ते : पावती कशी लिहावी, कोणी सही करावी

ओळखीतल्या ओळखीत जुनी दुचाकी किंवा कार विकली, थोडे पैसे आधी आणि बाकीचे दरमहा ठरले, की सौदापत्र बहुतेक जण नीट करतात. गडबड पुढे होते. एखादा हप्ता रोख येतो, एखादा यूपीआयने, एखादा अर्धाच, आणि सहा महिन्यांनी दोघांच्या डोक्यात बाकीचा वेगवेगळा आकडा असतो. म्हणून सौदापत्राइतकेच लक्ष दर हप्त्याच्या पावतीकडे द्या, असे आम्ही कागदपत्रांसाठी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

एक पावती, दोन सह्या

पावतीवर पैसे घेणाऱ्याची, म्हणजे विक्रेत्याची सही हवी हे सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यामुळे खरेदीदार निर्धास्त होतो. मात्र त्याच कागदावर खरेदीदारानेही सही करावी, असा आमचा आग्रह असतो. ही दुसरी सही विक्रेत्याच्या कामाची आहे. उधारीवर विकलेल्या वस्तूची किंमत वसूल करण्यासाठी साधारणपणे 3 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. ही मुदत संपण्याआधी काही रक्कम भरली गेली आणि त्या भरण्याची नोंद पैसे देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने असली, तर 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे भरण्याच्या तारखेपासून नवी मुदत मोजली जाते. एकट्या विक्रेत्याच्या सहीने हे साधत नाही. शिवाय खरेदीदाराने ‘शिल्लक बाकी मान्य’ असे लिहून सही केली असेल, तर बाकीच्या आकड्यावरून पुढे वाद घालायला जागा फारशी उरत नाही.

पावती दोन प्रतींत करा. कार्बन लावलेले पुस्तक चालेल, पण दोन्ही प्रतींवर सह्या पेनाने कराव्यात. नंतर दोन्हींचे फोटो एकमेकांना पाठवून ठेवा.

पावतीत काय लिहायचे

एक उदाहरण घेऊ. मोटारसायकल 72,000 रुपयांना ठरली. 5 जूनला 24,000 दिले, उरलेल्या 48,000 चे दरमहा 6,000 प्रमाणे आठ हप्ते, दर 5 तारखेला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे हप्ते पूर्ण आले, म्हणजे बाकी 30,000. ऑक्टोबरमध्ये खरेदीदाराकडे 4,000 च होते, 2,000 त्याने 15 तारखेला दिले. इथे बरेच जण 5 तारखेला पावतीच करत नाहीत आणि पुढे 15 तारखेला ‘6,000 मिळाले’ असे एकत्र लिहितात. तसे करू नका. मधल्या दहा दिवसांत वाद झाला तर 4,000 रुपयांचा कागद कोणाकडेच नसतो. पहिली पावती अशी हवी :

> पावती क्र. 5. दिनांक 5 ऑक्टोबर. मोटारसायकल नोंदणी क्र. …, चासी क्रमांकाचे शेवटचे पाच अंक …, हिच्या 5 जूनच्या सौदापत्रातील किमतीपोटी, चौथ्या हप्त्यापैकी रुपये 4,000 (अक्षरी चार हजार फक्त) यूपीआयने, यूटीआर क्र. …, मिळाले. आधीची बाकी 30,000, आज जमा 4,000, शिल्लक बाकी 26,000.
> पैसे मिळाले : विक्रेता (सही)
> पैसे दिले, शिल्लक बाकी मान्य : खरेदीदार (सही)

15 तारखेच्या पावतीत आधीची बाकी 26,000, जमा 2,000, शिल्लक 24,000. दर पावतीची ‘आधीची बाकी’ मागच्या पावतीच्या ‘शिल्लक बाकी’शी जुळली पाहिजे. हे तीन आकडे साखळीने लिहीत गेलात, की चूक त्याच दिवशी पकडली जाते.

‘कोणत्या व्यवहारापोटी’ हे शब्दही गाळू नका. त्याच दोघांत दुसरी उसनवारी असेल आणि पैसे देताना काहीच सांगितले नसेल, तर ते कोणत्या देण्यात जमा धरायचे हे घेणारा ठरवू शकतो. यूपीआय करताना शेऱ्यात ‘बाईक हप्ता 4’ असे टाका आणि पावतीत बारा अंकी यूटीआर क्रमांक उतरवा. पैसे विक्रेत्याच्या पत्नीच्या किंवा मुलाच्या खात्यात गेले असतील तर ‘माझ्या सांगण्यावरून अमुक खात्यात’ हे विक्रेत्याने लिहिलेच पाहिजे. चेक घेतला असेल तर ‘चेक वटल्यावर जमा’ असे लिहा.

आता पाचवा हप्ता. विक्रीच्या आधीचे 1,000 रुपयांचे ई-चलन खरेदीदाराने भरले आणि नोव्हेंबरमध्ये 5,000 च दिले. दोघांना ते मान्य असते, पण पावती 5,000 ची होते आणि शेवटी 1,000 रुपये लटकतात. अशा वेळी ‘रोख 5,000, चलन क्र. … चे 1,000 वळते, एकूण जमा 6,000, शिल्लक बाकी 18,000’ असे लिहा आणि चलन भरल्याची प्रत पावतीला जोडा.

रेव्हेन्यू स्टॅम्प आणि रोख रक्कम

5,000 रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. वरच्या उदाहरणात 4,000 आणि 2,000 च्या पावत्यांना तो नको, 6,000 च्या पावत्यांना हवा. विक्रेत्याची सही थोडी तिकिटावर आणि थोडी कागदावर यावी, म्हणजे तिकीट रद्द झाले असे धरले जाते.

कारच्या व्यवहारात आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. आयकर कायद्याप्रमाणे एकाच व्यवहारापोटी 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. हप्ते पाडले म्हणून व्यवहार वेगळे होत नाहीत. 2,40,000 ची कार 20,000 च्या बारा रोख हप्त्यांत विकली तरी मर्यादा ओलांडली जाते, आणि घेतलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्याला होऊ शकतो.

पावती असली तरी गाडी कोणाच्या नावावर?

हप्त्याची पावती हा मालकी हस्तांतराचा कागद नाही. आरटीओत जोपर्यंत विक्रेत्याचे नाव आहे तोपर्यंत अपघाताच्या जबाबदारीसाठी कायद्याच्या नजरेत मालक तोच. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असताना अपघात झाला तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. ‘पूर्ण पैसे आल्यावर नाव बदलू’ असे ठरवणारा विक्रेता आठ महिने हा धोका अंगावर घेतो. आमच्या मते फॉर्म 29 आणि 30 भरून नाव लगेच बदलावे, विमाही खरेदीदाराच्या नावावर करून घ्यावा, आणि थकीत किमतीसाठी वेगळे कबुलीपत्र जामीनदाराच्या सहीसह घ्यावे. गाडीच्या 48,000 रुपयांपेक्षा अपघाताची भरपाई कितीतरी मोठी असू शकते.

नाव नंतरच बदलायचे असेल तर ‘शेवटचा हप्ता मिळेपर्यंत मालकी विक्रेत्याकडे राहील’ हे सौदापत्रात स्पष्ट हवे. नुसती गाडी देऊन पैसे नंतर घ्यायचे ठरवले, तर मालकी तेव्हाच गेली असे धरले जाऊ शकते आणि विक्रेत्याकडे फक्त किंमत मागण्याचा हक्क उरतो. कोऱ्या फॉर्म 29-30 वर सह्या करून देऊ नका, घेऊही नका. त्या कागदांवर गाडी तिसऱ्याच्या नावे कधी गेली हे कळतही नाही.

शेवटच्या हप्त्याला साधी पावती पुरत नाही. त्यात ‘ठरलेली संपूर्ण किंमत रुपये 72,000 भरून पावलो, या गाडीपोटी माझे काही येणे राहिले नाही’ असे लिहून घ्या, आधीच्या सर्व पावत्यांचे क्रमांक त्यात नमूद करा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. दुसरी किल्ली आणि आरसी विक्रेत्याकडे असतील तर त्याच कागदावर ‘सुपूर्द केले’ अशी नोंद करून दोघांनी सही करा.