तिसऱ्या पिनेविना सुरक्षित: दोन पिनांच्या चार्जरमागची पार्श्वभूमी

नागपुरात उन्हाळा लागला की लोखंडी पत्र्याचे कूलर खिडक्यांना लागतात आणि कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्याही दरवर्षी येऊ लागतात. पंपाच्या वायरचे इन्सुलेशन खराब झाले, पाणी आत गेले आणि फेज पत्र्याला लागला, तर त्या पत्र्याला हात लावणाऱ्या माणसाचा भरवसा फक्त अर्थिंगवर असतो. त्याच घरात, त्याच बोर्डावर मोबाइलचा चार्जर मात्र दोनच पिनांवर वर्षानुवर्षे चालतो आणि त्याला अर्थिंगची गरज नाही असे प्रमाणित मानके स्वतःच सांगतात. हा फरक स्वस्ताईचा नाही; संरक्षणाची जबाबदारी कोणी घ्यायची, या प्रश्नाची ती दोन वेगळी उत्तरे आहेत.

पहिले उत्तर जुने आहे. आपल्याकडील तीन गोल पिनांचा प्लग ब्रिटनच्या बीएस ५४६ या १९३४ च्या मानकातून आला, आणि आज आपण ज्यांना ६ व १६ अँपिअरचे प्लग म्हणतो ते त्या काळच्या ५ व १५ अँपिअरच्या प्लगांचे वंशज आहेत. त्यातील अर्थची पिन मुद्दाम लांब आणि जाड ठेवलेली असते, म्हणजे प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. धातूचे आवरण जमिनीशी जोडून ठेवायचे, आत बिघाड झाला तर त्या वाटेने मोठा प्रवाह वाहू द्यायचा आणि फ्यूज उडवायचा, असा हा सरळ विचार होता. त्याची कमजोर बाजू अशी की उपकरण कितीही चांगले असले तरी संरक्षण घरातल्या वायरिंगवर आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर अवलंबून राहते. विदर्भातील काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण एप्रिल-मे महिन्यांत तिला भेगा पडतात आणि अर्थिंगचा रोध वाढतो. तो २० ओम झाला असे धरले, तर २३० व्होल्टवर बिघाडाचा प्रवाह साधारण ११.५ अँपिअरच होईल. १६ अँपिअरची एमसीबी त्याने पडणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. अशा वेळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे प्रवाह बाहेर गळताच वीज तोडणारा स्विच, असेल तरच भरवसा धरता येतो.

दुसरे उत्तर या परावलंबनातूनच निघाले: घराच्या अर्थिंगवर विसंबायचेच नाही, संरक्षण उपकरणाने स्वतःबरोबर घेऊन यायचे. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या १९७६ च्या ५३६ क्रमांकाच्या प्रकाशनात उपकरणांचे वर्ग मांडले गेले. त्यात अर्थिंग असलेली उपकरणे वर्ग एकमध्ये आणि दुहेरी इन्सुलेशनची वर्ग दोनमध्ये आली. वर्ग दोनची खूण म्हणजे चौकोनात चौकोन. ती आजही प्रत्येक चांगल्या चार्जरच्या बारीक अक्षरांत सापडते. दुहेरी इन्सुलेशनचा अर्थ एवढाच की एक थर निकामी झाला तरी दुसरा, स्वतंत्र थर माणसाला फेजपासून दूर ठेवतो. एकच पण दोघांच्या तोडीचा भक्कम थर दिला तरी मानकाला ते चालते.

चार्जर उघडून पाहिला तर हे थर डोळ्यांना दिसतात. छापील सर्किटच्या एका बाजूला २३० व्होल्टचा भाग आणि दुसऱ्या बाजूला ५ किंवा २० व्होल्टचा भाग असतो, आणि मध्ये साधारण ५ ते ६ मिलिमीटरची तांब्याविना मोकळी पट्टी असते. पुष्कळदा तिथे बोर्डात खाचही कापलेली असते. ही पट्टी ओलांडायला मोजक्याच घटकांना परवानगी आहे: ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या दुय्यम गुंडाळीला बहुधा तिहेरी इन्सुलेशनची तार असते; ऑप्टोकप्लर, जो प्रकाशाने निरोप पोचवतो; आणि एक छोटा, बहुधा निळा, वाय वर्गाचा कपॅसिटर. संगणक व दूरसंचार साधनांच्या जुन्या मानकात या भक्कम इन्सुलेशनला ३००० व्होल्टची चाचणी होती, तर साध्या इन्सुलेशनला १५०० व्होल्टची.

या निळ्या कपॅसिटरपाशी थोडे थांबायला हवे, कारण दोन पिना की तीन हा वाद बराचसा इथेच सुटतो. लोखंडी गाभ्याच्या जुन्या, जड चार्जरांत तो लागत नसे. स्विचिंग पद्धतीचे हलके चार्जर आले, त्यांच्या वेगवान चालू-बंद होण्याने रेडिओत खरखर होऊ लागली, आणि ती दाबण्यासाठी दोन्ही बाजूंना जोडणारा हा कपॅसिटर आला. त्यातून ५० हर्ट्झचा थोडासा प्रवाहही पलीकडे झिरपतो. समजा तो २.२ नॅनोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे १४.५ लाख ओम होतो, म्हणजे २३० व्होल्टवर प्रवाह जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर. वर्ग दोनसाठी त्याच जुन्या मानकाची मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर होती. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर, अनवाणी पायांनी शहाबादी फरशीवर बसले असता मनगटाला जाणवणाऱ्या झिणझिण्या त्या याच. टेस्टर त्यावर मंद पेटतो आणि माणूस घाबरतो. पण टेस्टरच्या निऑनला पेटायला याहूनही कमी प्रवाह पुरतो.

मग लॅपटॉपच्या कित्येक अडॅप्टरांना तिसरी पिन का? त्यांचेही आवरण प्लॅस्टिकचेच असते. कारण मोठ्या शक्तीला मोठे कपॅसिटर सोयीचे पडतात, आणि अर्थिंग असलेल्या साधनाला झिरपणाऱ्या प्रवाहाची सवलत ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मिळते, कारण तो प्रवाह माणसातून नव्हे तर हिरव्या वायरमधून जाईल असे गृहीत धरलेले असते. नागपूरच्या महाल किंवा इतवारीतल्या जुन्या घरात तिसरे छिद्र असते पण त्यामागे वायरच नसते, किंवा एखादा गृहस्थ अर्थची पिन कापून प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवतो, तेव्हा ते गृहीतच कोसळते. फेज आणि न्यूट्रल या दोघांशी सारख्याच कपॅसिटरांनी जोडलेला अर्थचा बिंदू मध्येच लोंबकळत राहतो, आणि लॅपटॉपचे अंग जमिनीच्या तुलनेत सुमारे ११५ व्होल्टवर येते. प्रवाह कमी असल्याने जीव जात नाही, मात्र त्या अडॅप्टरला दोन पिनांचा भाऊ मानणे चूक आहे. तो ज्या अटीवर तपासला गेला ती अट मोडलेली असते. उलट, अलीकडचे ६५ वॉटचे छोटे चार्जर दोनच पिनांवर पुरेसे ठरतात, कारण त्यांची रचनाच ०.२५ मिलिअँपिअरच्या आत बसवलेली असते.

वर्ग दोनची खरी अडचण वेगळी आहे: अर्थिंग तपासता येते, पण बंद प्लॅस्टिकच्या आतले थर विकत घेणाऱ्याला दिसत नाहीत. बनावट चार्जरांत मोकळी पट्टी एक-दोन मिलिमीटरची निघते, वाय कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर लावलेला असतो, आणि तो फुटून आरपार झाला की २३० व्होल्ट थेट फोनच्या वायरवर येतात. अशा चार्जरला अर्थिंगचाही आधार नसतो, म्हणून मागे वाचवणारे काहीच उरत नाही. भारतात २०१२ च्या आदेशाने सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या अनिवार्य नोंदणीत पुढे अडॅप्टरही आले आणि त्यांवर आयएस १३२५२ सह 'R-' ने सुरू होणारा क्रमांक छापणे आले. सीताबर्डीत रस्त्यावर मिळणाऱ्या चार्जरवरही तो क्रमांक छापलेला असू शकतो, त्यामुळे तो भारतीय मानक ब्युरोच्या BIS Care या ॲपमध्ये टाकून निर्मात्याचे नाव जुळते का, हे पाहावे.

तीन पिनांच्या बाजूला तपासणी मल्टिमीटरने होते. सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, फेज ते अर्थही जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट दाखवले, तर तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची वायर आहे, असे बहुधा मानता येते. फेज ते अर्थ साठ, ऐंशी असे काही आकडे हलत राहिले, तर अर्थ कुठेतरी तुटलेला आहे. मात्र मल्टिमीटरमधून नगण्य प्रवाह जातो, त्यामुळे मे महिन्यातल्या कोरड्या खड्ड्याचा रोध किती वाढला आहे हे या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून घ्यावा लागतो.