आजीच्या गोधडीतली तीन लुगडी : कथेमागची पार्श्वभूमी

कथेतली आजी यवतमाळकडच्या एका खेड्यातली. उन्हाळ्यात शेतातली कामं थांबली की ती ओसरीवर जुनी लुगडी पसरून बसते. नजर कमी झाली आहे, त्यामुळे कापड बोटांत चुरगाळून ओळखते. तिच्या हाती लागणारी तीन लुगडी तीन वेगवेगळ्या काळांतली आहेत.

पहिलं तिच्या आईचं, कंट्रोलचं. दुसऱ्या महायुद्धात कापडाचे भाव भडकले आणि १९४३ मध्ये सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणलं. तो 'कंट्रोल' लोकांच्या तोंडी असा बसला की विदर्भात रेशनच्या दुकानाला आजही कंट्रोलच म्हणतात. नवं लुगडं मिळायची मारामार, मग जुनंच पुरवायचं. नऊवारी आधी बसायच्या जागी विरते. तो विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडची धड कापडं जोडायची, याला दांड घालणं म्हणतात. आजीच्या बोटांना या एका लुगड्यात दोन दांड लागतात. आईने त्यावर किती वर्षं काढली, ते तिला तिथे कळतं.

दुसरं जनताचं. हातमागवाल्यांना काम आणि गरिबाला स्वस्त कापड मिळावं म्हणून केंद्र सरकारने १९७६ मध्ये जनता कापडाची योजना आणली. कापड जाडंभरडं, नेसायला कुणाला फारसं आवडत नसे. गोधडीला मात्र उत्तम, कारण धुऊन धुऊन मऊ पडलं की सुई अडत नाही.

खरी अडचण तिसऱ्याची. एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा ही योजना, राज्यात १९७२ मध्ये सुरू झाली आणि चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्याने मिळू लागला. अशाच एका चुकाऱ्यातून आजोबांनी तिला पातळ आणलं, ते पॉलिस्टरचं. कापूस पिकवून पॉलिस्टर नेसायचं! पण ते चकाकायचं, लवकर वाळायचं, इस्त्री लागत नसे; तिला आवडलंच होतं.

गोधडीत ते बसत नाही. धावदोरा घालताना थर सरकतो, कापलेली कड उसवते. शिवाय सुती कापड धुतल्यावर आटतं, हे आटत नाही, म्हणून त्या जागी फुगे येतात. नातू म्हणतो, हे पण सुतीच असेल. आजी एक धागा ओढून चुलीला लावते. सुताची राख झाली असती. हा वितळून काळी, टणक गुठळी होतो.

"पाह्यलं का बाबू? हे घाम पेत नाई," ती म्हणते.

टाकवत मात्र नाही. गोधडी आधी कडेला झिजते आणि पॉलिस्टर सहसा झिजत नाही. म्हणून ती त्याच्या लांब पट्ट्या काढते आणि चारही बाजूंनी मगजी लावते.